‘मामा, अर्धा टक्का तुमचा’ : फुकटच्या सल्लागारपदाला नाही म्हणताना

पत्र : मी जळगावला राहतो. एकोणीस वर्षं केळीच्या बागांना सल्ला देतो. एका भेटीचे अडीच हजार घेतो. भाच्याच्या मित्राने आणि त्याच्या जोडीदाराने गेल्या वर्षी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. केळी बागायतदारांसाठी ॲप करताहेत. मला सल्लागार व्हा म्हणतात. आठवड्याला सहा तास, दोन वर्षं. पैसे नाहीत, पण कंपनीचा अर्धा टक्का देणार. कंपनीची किंमत चार कोटी आहे म्हणतात. महिनाभर त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे, एक खताचं वेळापत्रकही देऊन बसलो. पोरं चांगली आहेत, मामा मामा करतात. मला हे करायचं नाही, पण बहिणीच्या घरचा संबंध आहे. नाही कसं म्हणू? आणि माझं काही चुकतंय का, मोठी संधी सोडतोय का?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. नकार द्या, आणि तो याच आठवड्यात द्या, कारण महिनाभर तुम्ही ग्रुपमध्ये आहात आणि त्यांच्या लेखी तुमचा होकार झालेलाच आहे. पण संधी सोडतोय का, ही रुखरुख मनात ठेवून नकार दिला तर तो पहिल्या आग्रहालाच ढिला पडतो. म्हणून आधी त्या अर्ध्या टक्क्याचा हिशोब पाहू.

पोरांना एकच प्रश्न विचारा : अर्धा टक्का म्हणजे किती शेअर, आणि एकूण किती शेअरपैकी? टक्का ही हलती गोष्ट आहे, शेअरचा आकडा तेवढा पक्का. समजा कंपनीचे दहा रुपये दर्शनी किमतीचे १०,००० शेअर आहेत. नव्या छोट्या कंपनीत एक लाखाचं भांडवल बहुतेक असंच मांडलेलं असतं. मग तुमच्या वाट्याला ५० शेअर येतात. कंपनी चार कोटींची धरली तर त्यांची कागदावरची किंमत दोन लाख. आठवड्याला सहा तास, वर्षाचे पन्नास आठवडे, दोन वर्षं, म्हणजे ६०० तास. दोन लाख भागिले सहाशे, तासाला ३३३ रुपये. तुमची अडीच हजारांची भेट जाण्यायेण्यासकट चार तासांची धरली तर तुम्ही आज तासाला ६२५ रुपये मिळवता, तेही रोख. म्हणजे चार कोटींचा आकडा जसाच्या तसा खरा मानला तरी तुम्ही जवळपास निम्म्या भावात काम करणार.

आणि तो आकडा अजून कुणी पैसे मोजून खरा केलेला नाही. कंपनीची किंमत म्हणजे कुणीतरी त्या भावाने पैसे घातले, तो भाव. बाकी सगळं बोलणं. तरी त्यांच्या बाजूने धरू, की सगळं चांगलं होईल. पहिला गुंतवणूकदार एक कोटी घालतो आणि २,५०० नवे शेअर घेतो. एकूण शेअर १२,५००, तुमचे ५० म्हणजे ०.४ टक्के. पुढे नोकरांसाठी दहा टक्के शेअर राखून ठेवायला गुंतवणूकदार सांगतो. एकूण शेअर साधारण १३,८९० होतात, तुम्ही ०.३६ वर. दुसऱ्या फेरीत आणखी एक जण तीन कोटी घालून वीस टक्के घेतो. शेअर १७,३६० च्या आसपास, तुम्ही ०.२९ वर. यात कुणी तुम्हाला फसवलेलं नाही. वाढणाऱ्या कंपनीत हे असंच होतं. बोलताना मात्र सगळे ‘अर्धा टक्का’च म्हणत राहतात.

आता समजा चार-पाच वर्षांनी कंपनी सहा कोटींना विकली गेली. नव्या कंपनीला कुणी सहा कोटी देणं ही वाईट गोष्ट नाही, पेढे वाटण्यासारखी आहे. तुम्हाला वाटेल ०.२९ टक्के म्हणजे पावणेदोन लाख तरी येतील. येणार नाहीत. गुंतवणूकदार बहुधा प्राधान्य शेअर घेतात आणि करारात लिहून घेतात की विक्रीच्या पैशातून आधी त्यांची मूळ रक्कम. दोघांचे मिळून चार कोटी आधी बाजूला पडतात. उरलेले दोन कोटी बाकीच्या साधारण ११,३९० शेअरमध्ये वाटले जातात. तुमच्या ५० शेअरना मिळतात सुमारे ८८ हजार. सहाशे तासांना भागा, तासाला दीडशे रुपयांच्या आत. पेट्रोल तुमचं. आणि ही कंपनी चालली, तेव्हाची गोष्ट आहे. चालली नाही तर शून्य.

यापेक्षाही एक महत्त्वाची बाब आहे, आणि ती बहुतेक वेळा त्या पोरांनाही माहीत नसते : बाहेरच्या सल्लागाराला शेअर देण्याची सोपी वाट कंपनी कायद्यात नाही. इंटरनेटवर अमेरिकी कंपन्यांचे नमुने पाहून मुलं ‘ॲडव्हायझर इक्विटी’ म्हणतात. तिकडच्या एका प्रचलित नमुना करारात अगदी सुरुवातीच्या कंपनीच्या सल्लागाराला पाव ते एक टक्का, दोन वर्षांत थोडा थोडा हक्क होत जाईल अशा रीतीने सुचवलेला आहे. अर्धा टक्का बहुधा तिथूनच आला असेल. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यात आणि त्याखालच्या २०१४ च्या नियमांत ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क, मिळतात ते कंपनीच्या कर्मचाऱ्यांना आणि संचालकांना. स्वेट इक्विटी, म्हणजे कामाच्या मोबदल्यात स्वस्तात दिलेले शेअर, त्यांचंही तसंच. तुम्ही कर्मचारीही नाही आणि संचालकही नाही. तुमच्यासारख्या बाहेरच्या सल्लागाराच्या नावावर ईसॉपचं पत्र काढलं तर ते पत्र पुढे कुठलाही नीट काम करणारा गुंतवणूकदार कागद तपासताना बाजूला काढेल.

मग उरतात तीन वाटा. पहिली, कंपनी तुम्हाला नवे शेअर रीतसर देते : विशेष ठराव, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, वाटपानंतर ‘PAS-3’ फॉर्म. हा खर्च पन्नास शेअरसाठी कुणी करत नाही. दुसरी, संस्थापक स्वतःच्या शेअरमधून ५० शेअर ‘SH-4’ फॉर्म भरून तुमच्या नावे करतात. हे जमण्यासारखं आहे, पण शेअर फुकट किंवा स्वस्तात मिळाले म्हणून फरकाच्या रकमेवर तुम्हाला आयकर लागू शकतो. करासाठी धरलेली किंमत दोन लाखच निघाली आणि तुम्ही वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर चाळीस हजार रुपये खिशातून भरायचे, तेही अशा कागदासाठी जो विकता येत नाही. प्रायव्हेट कंपनीच्या नियमावलीत शेअर हस्तांतरणावर बंधन असतंच. ती प्रायव्हेट असते त्याचा अर्थच तो. जळगावच्या सराफाकडे सोनं मोडता येतं, हे शेअर कुठेही मोडता येत नाहीत.

तिसरी वाट सगळ्यांत गोड दिसते आणि तिच्यापासून जपून राहा : ‘मामा, मग तुम्ही डायरेक्टरच व्हा, म्हणजे कायद्यात बसेल.’ संचालक झालात की कंपनीच्या थकलेल्या करापासून वार्षिक विवरणपत्रांपर्यंत सगळ्यात तुमचं नाव येतं. सलग तीन आर्थिक वर्षं कंपनीने विवरणपत्रं भरली नाहीत, तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. आठवड्याला सहा तास फुकट देणारा माणूस सीएने फॉर्म भरला का हे बघायला जात नाही, आणि नेमकं तिथेच अडकतो.

या सगळ्यामुळे प्रत्यक्षात घडतं ते असं : शेअरचं काम ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणून राहून जातं आणि काम मात्र पहिल्याच शनिवारपासून सुरू होतं. तुमच्या बाबतीत ते सुरू झालेलंच आहे. तुमच्याकडे वेळापत्रक देऊन झालं, त्यांच्याकडून आलेला एकही सही-शिक्क्याचा कागद तुमच्या पत्रात दिसत नाही.

आता तासांकडे या, कारण नकाराचं खरं कारण तिथे आहे. सहा तास ही सरासरी आहे आणि केळी सरासरीने चालत नाही. मृगबागेला पावसाळ्यात कुकुंबर मोझॅक हा विषाणूरोग लागला की ऑगस्ट-सप्टेंबरात रावेर-यावलकडून तुमचा फोन थांबत नाही. त्याच पंधरवड्यात ॲपवरच्या शेतकऱ्यांचेही फोटो येणार, आणि ती पोरं तुमच्याकडेच पाठवणार, कारण त्यांच्याकडे दुसरं कोण आहे? पिवळे पट्टे विषाणूचे की अन्नद्रव्याच्या कमतरतेचे, हे फोटोवरून सांगताना चूक होते. विषाणूचं झाड उपटायला सांगावं लागतं. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या एकरात साधारण सतराशे-अठराशे झाडं. त्यातली दीडशे चुकीच्या सल्ल्याने उपटली गेली, तर शेतकरी ॲपला नाही, तुम्हाला विचारायला येईल. फी घेऊन बाग पाहिली असती तर तुम्ही पानं उलटून, मावा बघून, शेजारच्या काकडीवर्गीय पिकांवर नजर टाकून बोलला असता. फुकटच्या घाईत ते होत नाही.

तेव्हा नकार. तो कसा द्यायचा, ते सांगतो.

आधी प्रत्यक्ष भेटा, दोघा पोरांना एकत्र. एकाला सांगितलं तर निरोप बदलून पोचतो. जागा तुमची असू द्या; घरी चहाला बोलवा. शेतावरच्या भरीत पार्टीत किंवा बहिणीच्या घरच्या कार्यात हा विषय काढू नका. चारचौघांत नकार त्यांना लागेल, आणि चारचौघे मध्ये पडून ‘अहो मामा, पोरांसाठी करा ना’ म्हणतील. भेट वीस मिनिटांत उरका. कारण एकच सांगा : सल्ला देणं हा माझा धंदा आहे आणि त्याचा मोबदला मी शेअरमध्ये घेत नाही. वरचा ८८ हजारांचा हिशोब तुमच्या समाधानासाठी होता. तो त्यांच्यापुढे मांडू नका. हिशोब मांडला की ती घासाघीस होते, आणि ती मुलं आकड्यांत तुमच्यापेक्षा चपळ आहेत.

‘सध्या वेळ नाही, कांदेबागेची लागवड चाललीय’ असंही म्हणू नका. खान्देशात हाच नकार सगळ्यांत जास्त वापरला जातो आणि हाच सगळ्यांत कच्चा आहे. लागवड आटोपली की ती पोरं दारात उभी राहतील आणि तेव्हा तुमच्याकडे कारण उरलेलं नसेल. वेळ हे कारण दिलं तर वेळ मिळाल्यावर हो म्हणावं लागतं.

त्याच दिवशी संध्याकाळी लेखी निरोप दोघांना वेगवेगळा पाठवा, ग्रुपवर नाही. मजकूर साधारण असा :

> नमस्कार. सल्लागार म्हणून तुम्ही माझा विचार केलात, याचं बरं वाटलं. आज घरी बोललो तसं, ही जबाबदारी मी घेणार नाही. सल्ला हाच माझा व्यवसाय आहे आणि त्याचा मोबदला मी शेअरमध्ये घेत नाही. ग्रुपमधून आज बाहेर पडतो आहे. माझं नाव किंवा फोटो तुमच्या सादरीकरणात, वेबसाइटवर, ॲपमध्ये किंवा माहितीपत्रकात असेल तर रविवारपर्यंत काढून टाका आणि काढल्यावर मला कळवा. मागच्या महिन्यात दिलेलं खताचं वेळापत्रक माझ्या बागायतदारांसाठी केलेलं आहे. ते ॲपमध्ये घेऊ नका. एखादी बाग प्रत्यक्ष दाखवायची असेल तर नेहमीच्या फीमध्ये, आधी दिवस ठरवून येईन. तुमच्या कामाला शुभेच्छा.

यात ‘घेणार नाही’ लिहिलं आहे. ‘घेऊ शकणार नाही असं वाटतं’ असं करू नका. त्या ‘वाटतं’मधून पुन्हा बोलणी सुरू होतात. क्षमस्व, माफ करा हेही नको, तुम्ही काही मोडलेलं नाही. नावाचं वाक्य मात्र गाळू नका. गुंतवणूकदारापुढे मांडायच्या स्लाइडवर ‘एकोणीस वर्षांचा अनुभव असलेले केळीतज्ज्ञ’ म्हणून तुमचा फोटो कदाचित आधीच लागला असेल. तो राहिला तर उद्या कुणी अनोळखी माणूस फोन करून विचारेल, हे ॲप तुम्ही तपासलंय ना? आणि तुम्ही नाही म्हणालात तर पोरं खोटी ठरतील, हो म्हणालात तर तुम्ही.

वेळापत्रकाचं वाक्यही तसंच. लेखी सही करून दिल्याशिवाय कॉपीराइट दुसऱ्याकडे जात नाही, म्हणून अजून तुम्ही काही गमावलेलं नाही. पण सल्लागार करारात बहुधा एक कलम असतं की कामाच्या ओघात तयार झालेलं सगळं कंपनीचं. ते पुढे आलं तर सही करू नका, ‘नुसती औपचारिकता आहे’ म्हटलं तरी. एकोणीस वर्षांत माती-पाणी बघून बसवलेली तुमची ठिबकची खतमात्रा हेच तुमचं भांडवल आहे. बाकी किती नत्र आणि पालाश द्यायचं हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. केव्हा थांबायचं, हे तुमच्या वहीत आहे.

निरोप पाठवला की बहिणीला आणि भाच्याला त्याच रात्री स्वतः फोन करा. त्यांना दुसऱ्याकडून कळलं की गोष्ट मानापमानाची होते. फोनवर एवढंच : पोरं चांगली आहेत, त्यांचं काम मला आवडलं, पण माझा धंदा मी असा करत नाही; तुमच्या शेतात काही असेल तर मी आहेच. भाच्याला मध्यस्थ करू नका. त्याच्या तोंडून नकार गेला तर आग्रहही त्याच्याच तोंडून येईल.

आग्रह तीन प्रकारे येईल. ‘मग दीड टक्का घ्या’ हा पहिला. यावर म्हणा, टक्क्याचा प्रश्न नव्हता, शेअरमध्ये मी काम करत नाही. दुसरा, ‘फंडिंग आलं की मागचे सगळे पैसे देऊ’. हे शेअरपेक्षा बरं वाटतं, पण आलेला पैसा मागची देणी फेडण्यात जावा असं गुंतवणूकदाराला नको असतं. तो पुढच्या वाढीसाठी पैसे घालतो. तुमचं बिल तेव्हा पहिल्यांदा कापलं जाईल. म्हणा, पैसे आले की तेव्हा बोलावा, त्या दिवसापासूनच्या कामाचे घेईन.

तिसरा प्रकार सगळ्यांत अवघड : ‘मामा, काम नका करू, नुसतं नाव राहू द्या.’ इथे नात्यापोटी बहुतेक माणसं मान डोलावतात, कारण त्यात काही जात नाहीसं वाटतं. तुमच्या धंद्यात नावच जातं. रावेरचा बागायतदार ॲपवर तुमचा फोटो बघून औषध फवारेल, ते सांगितलेलं कुणी असेल ते असेल. याला एका शब्दात नाही म्हणा आणि विषय बदला.

तुम्हाला खरंच त्या पोरांना मदत करावीशी वाटत असेल, तर पगार, शेअर, पद काही न घेता वर्षातून दोनदा तास-तासभर घरी बसून त्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. एक लागवडीआधी, एक पावसाळ्यानंतर. ते देणं असेल आणि देणं म्हणूनच राहील. ज्या मदतीला शेअरचा वायदा चिकटतो, तिच्यात पुढे कुणी तरी कुणाचं तरी देणं लागतं.

हे सगळं वाचून उलट विचार मनात आला, की योग्य अटींवर करून बघावं, तर अटी थोडक्यात अशा : भेटीची फी रोख, महिन्याला चार तासांची लेखी मर्यादा, ऑगस्ट-सप्टेंबरात काम नाही, शेअर दिलेच तर आकड्यात आणि संस्थापकांच्या स्वतःच्या वाट्यातून, आणि तीस दिवसांच्या सूचनेवर बाहेर पडायची मोकळीक. या अटी ऐकून ती मुलं गप्प झाली, तर त्यांना तुमचा सल्ला नको होता, तुमचे तास हवे होते. कंपनी कशी आहे हे बघायचं असेल तर ‘mca.gov.in’ वर तिची मूळ माहिती पाहता येते : नोंदणीची तारीख, भरणा झालेलं भांडवल, संचालकांची नावं. भांडवल एक लाख आणि बोलणं चार कोटींचं, एवढ्यावरून पोरं खोटी ठरत नाहीत, पण मधलं अंतर कोण भरणार आहे ते डोळ्यांपुढे येतं.

रविवार उलटल्यावर वेबसाइट आणि ॲप एकदा उघडून बघा. नाव अजून असेल तर रागावू नका, नव्या कंपनीत अशी कामं राहून जातात. पहिला निरोपच पुन्हा पाठवा, वर एक ओळ घाला : ‘अजून नाव दिसतंय, आज काढून टाका.’ पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. ग्रुपमधून बाहेर पडल्यावरही वैयक्तिक नंबरवर पानांचे फोटो येतील. पहिल्याच फोटोला उत्तर द्या : बाग बघावी लागेल, अडीच हजार, कोणत्या दिवशी येऊ?